पाय लुळा होता, आता ताठ का झाला? स्पिंडल, ताण-प्रतिक्षेप आणि स्पास्टिसिटीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतल्या न्यूरो-फिजिओथेरपी ओपीडींत अर्धांगवायूच्या पेशंटचे नातेवाईक आणि फिजिओथेरपीचे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची ही उत्तरं. बहुतेक उदाहरणं एकाच स्नायूची, पोटरीची घेतली आहेत. स्पास्टिसिटी, म्हणजे मेंदूच्या किंवा मेरुरज्जूच्या इजेनंतर स्नायूत येणारा ताठरपणा, तिथे सगळ्यात स्वच्छ दिसते आणि चालणं अडतं तेही बहुतेकदा तिथेच.

## झटका आला तेव्हा पाय अगदी लुळा पडला होता. महिन्याभराने ताठ व्हायला लागला. हे सुधारणं म्हणायचं की बिघडणं?

सरळ हो किंवा नाही म्हणता येत नाही, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टी चालू असतात. पाय स्वतःच्या इच्छेने हलवता येणं ही एक. पाय दुसऱ्याने हलवला की स्नायूने विरोध करणं ही दुसरी. पहिली मेंदूकडून खाली येणाऱ्या हुकमावर अवलंबून असते. दुसरीसाठी मेंदूचा हुकूम लागतच नाही, ती मेरुरज्जूतच घडते. म्हणून एखाद्याचा पाय ताठ झाला तरी त्याला अंगठा हलवता येत नाही, तर दुसऱ्याची ताकद परत येत असते आणि ताठरपणाही सोबत वाढत असतो. ‘पायात जीव आला’ असं समजून ताठरपणाचं स्वागत करू नका आणि घाबरूनही जाऊ नका. ताकद वेगळी तपासा, ताठरपणा वेगळा तपासा.

## स्पिंडल म्हणजे नेमकं काय?

स्पिंडल हा स्नायूच्या आत बसवलेला लांबी मोजणारा अवयव आहे. आकार चातीसारखा, मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळता. लांबी साधारण 4 ते 10 मिलिमीटर. वरून संयोजी ऊतींचं पातळ आवरण असतं आणि आत मोजकेच बारीक तंतू असतात. हे तंतू वजन उचलायच्या कामाचे नाहीत. ते नेहमीच्या जाड तंतूंना समांतर बसवलेले असतात, आणि ही समांतर मांडणीच सगळ्यात महत्त्वाची आहे. स्नायू ताणला की स्पिंडलही ताणलं जातं, स्नायू आखडला की स्पिंडल सैल पडतं. म्हणून त्याला लांबी कळते. स्नायू किती जोर लावतोय हे मोजायचं काम कंडरेतल्या गोल्जी अवयवाचं. दोघांची गल्लत परीक्षेत फार होते.

आतल्या तंतूंच्या मधल्या भागाला प्रथम श्रेणीच्या, म्हणजे ‘वन-ए’ चेतातंतूची वेटोळी गुंडाळलेली असतात. त्या शेजारी दुसऱ्या श्रेणीच्या तंतूंची टोकं असतात. दुसऱ्या श्रेणीचे तंतू प्रामुख्याने ‘स्नायू आत्ता किती लांब आहे’ एवढं सांगतात. वन-ए लांबीही सांगतात, पण त्यांचा खरा भर ‘लांबी किती वेगाने बदलतेय’ यावर असतो. पोटरी सावकाश ताणली तर वन-ए थोडेच संदेश पाठवतो, तेवढीच पोटरी झटक्यात ताणली तर संदेशांचा भडिमार करतो. हा वेगाचा मुद्दा लक्षात ठेवा. स्पास्टिसिटी ओळखायची संपूर्ण पद्धत यावरच उभी आहे.

## हातोडी मारली की पाय का उडतो?

टाचेच्या मागच्या जाड कंडरेवर हातोडी पडली की कंडरा क्षणभर आत दबते आणि पोटरी किंचित, पण फार वेगाने ताणली जाते. स्पिंडलला एवढं पुरतं. वन-ए तंतूंतून एकाच वेळी संदेश निघतात, पायातून वर चढून कमरेच्या पातळीवर मेरुरज्जूच्या टोकाकडच्या भागात शिरतात आणि तिथे थेट पोटरीच्याच अल्फा चेतापेशींना भिडतात. मध्ये दुसरी पेशी नाही, चेतापेशींचा एकच सांधा, म्हणजे सिनॅप्स. त्या पेशी पोटरीला आदेश देतात आणि पाऊल खाली दाबलं जातं. हाच ताण-प्रतिक्षेप, म्हणजे स्ट्रेच रिफ्लेक्स. त्याच वेळी वन-एची एक फांदी मधल्या एका पेशीमार्फत नडगीच्या स्नायूला थोपवते, म्हणजे विरुद्ध बाजूचा स्नायू आडवा येत नाही.

वेळ किती लागतो, याचा अंदाज घरच्या घरी काढता येतो. घोट्यापासून मेरुरज्जूपर्यंत आणि परत असा रस्ता मध्यम उंचीच्या माणसात दीड मीटरच्या आसपास. संदेशाचा सरासरी वेग सेकंदाला 50 ते 60 मीटर धरा, म्हणजे ताशी 200 किलोमीटरच्या घरात. त्यामुळे ठोका पडल्यापासून पोटरीत विद्युत हालचाल दिसेपर्यंत साधारण 30 ते 35 मिलिसेकंद लागतात. मेरुरज्जूतल्या सांध्यावर त्यातला जेमतेम एक मिलिसेकंद जातो, बाकी सगळा प्रवासाचा वेळ. मेंदूला विचारून यायला एवढ्यात सवड नसते.

लिडेल आणि शेरिंग्टन यांनी 1924 मध्ये ताणलेला स्नायू असाच स्वतःला आखडून घेतो हे पद्धतशीर मांडलं. गुडघ्याचा झटका मात्र त्याआधीच, 1875 मध्ये, एर्ब आणि वेस्टफाल यांनी वेगवेगळा नोंदवला होता.

## मग गॅमा चेतापेशी कशासाठी?

स्नायू आखडला की समांतर बसलेलं स्पिंडल ढिलं पडणार, आणि ढिल्या स्पिंडलला काहीच कळणार नाही. ही अडचण गॅमा चेतापेशी सोडवतात. त्या स्पिंडलच्या आतल्या तंतूंची दोन्ही टोकं आखडवतात, त्यामुळे मधला भाग ताणलेला राहतो. तंबोऱ्याची तार उतरली की खुंटी पिळून पुन्हा सुरात आणतात, तसंच. मेंदू हालचालीचा हुकूम देताना साधारणपणे अल्फा आणि गॅमा दोघींना एकदमच कामाला लावतो.

## शिथिल पडलेल्या निरोगी माणसाचा पाय आपण वाकवतो तेव्हा पोटरी विरोध का करत नाही? स्पिंडल तर तिथेही आहे.

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि उत्तराचा अर्धा भाग इथेच आहे. निरोगी माणूस अंग सैल सोडून पडला असेल आणि आपण त्याचं पाऊल तपासणीच्या नेहमीच्या वेगाने वर ढकललं, तर स्पिंडल आपलं काम करतं, संदेश जातात, पण पोटरीत विद्युत हालचाल जवळपास दिसत नाही. जाणवतो तो स्नायू-कंडरांचा अंगभूत चिवटपणा. म्हणजे निरोगी अवस्थेत हातोडीचा ठोका रिफ्लेक्स जागा करतो, साधा ताण करत नाही. कारण संदेश पोहोचला तरी अल्फा पेशी पेटायच्या उंबरठ्यापासून दूर ठेवलेली असते. तिला दूर ठेवायचं काम वरून येणारे मार्ग आणि मेरुरज्जूतल्या लहान प्रतिबंधक पेशी सतत करत असतात.

आता स्पास्टिसिटीची व्याख्या सोपी होते. लान्स यांनी 1980 मध्ये ती मांडली. तिचा मथितार्थ असा: ताण-प्रतिक्षेप अतिउत्तेजित झाल्याने, ताणाचा वेग वाढेल तसा वाढत जाणारा स्नायूचा विरोध, आणि सोबत जोरदार कंडरा-झटके. निरोगी माणसात ज्या वेगाला पोटरी गप्प असते, त्याच वेगाला इथे ती आखडते. उंबरठा खाली आलेला असतो.

## उंबरठा खाली का येतो? मेंदूतल्या जखमेने मेरुरज्जूत काय बदलतं?

‘अप्पर मोटर न्यूरॉन’, म्हणजे मेंदूतून मेरुरज्जूपर्यंत हुकूम आणणारी चेतापेशी, म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर फक्त पिरॅमिडल मार्ग येतो, मेंदूच्या सालीपासून मेरुरज्जूपर्यंत जाणारा हालचालीचा मुख्य रस्ता. तो तुटला की बोटांची कौशल्याची हालचाल जाते, अशक्तपणा येतो. पण माकडांमध्ये लंबमज्जेतला पिरॅमिड, म्हणजे याच मार्गाचा मेंदूच्या बुडाशी असलेला जुडगा, तेवढाच कापला, तेव्हा ठळक स्पास्टिसिटी आलीच नाही, उलट स्नायू ढिलेच राहिले. म्हणजे गुन्हेगार शेजारी आहे.

शेजारी म्हणजे मस्तिष्क-स्तंभातल्या जाळीदार भागातून निघणारे रेटिक्युलोस्पायनल मार्ग. ते दोन प्रकारचे. एक लंबमज्जेतून निघून मेरुरज्जूच्या बाजूच्या पट्ट्यातून, पिरॅमिडल मार्गाला खेटून उतरतो. हा ताण-प्रतिक्षेपाचा ब्रेक. दुसरा पुढच्या पट्ट्यातून उतरतो आणि अंतर्कर्णाशी जोडलेल्या व्हेस्टिब्युलोस्पायनल मार्गासोबत उभं राहण्याच्या स्नायूंना चेतवतो. हा ॲक्सिलरेटर. यातली खोच अशी, की ब्रेकला मेंदूच्या सालीकडून सतत पाठबळ लागतं, ॲक्सिलरेटरला तेवढं लागत नाही. इंटर्नल कॅप्सूलमध्ये, म्हणजे जिथे वरचे सगळे तंतू दाटीने एकत्र येतात तिथे, गुठळी अडकली की पिरॅमिडल मार्ग तर तुटतोच, पण ब्रेकला मिळणारं पाठबळही तुटतं. ॲक्सिलरेटर आपला चालूच.

याचा परिणाम खाली मेरुरज्जूत काही जागी दिसतो. वन-ए तंतूच्या टोकावर एक प्रतिबंधक पेशी बसलेली असते, जी त्याचा आवाज आधीच कमी करते. ती दुबळी पडते. लागोपाठ ताण दिला की निरोगी सांध्यावर रसायन कमी सुटत जातं आणि प्रतिसाद मंदावतो, हे मंदावणंही कमी होतं. पोटरी आणि नडगी यांच्यातला ‘तू आखड, मी सैल पडतो’ हा करार बिघडतो. मेरुरज्जूच्याच दुखापतीत अल्फा पेशी स्वतःही बदलतात. थोडंसं चेतवल्यावरसुद्धा त्या बराच वेळ पेटत्या राहतात, म्हणून अशा पेशंटला एका स्पर्शाने लांबलचक आचके येतात.

## जुन्या नोट्समध्ये ‘गॅमा पेशी अतिसक्रिय होतात, म्हणून स्पिंडल जास्त संवेदनशील’ असं लिहिलंय. ते चूक आहे का?

माणसातल्या बहुतेक स्पास्टिसिटीसाठी ते स्पष्टीकरण टिकलेलं नाही. मांजरांवरच्या प्रयोगांतून ती कल्पना रुजली होती. पुढे स्वीडनमध्ये जाग्या माणसाच्या चेतेत बारीक सुई घालून एकेका तंतूचे संदेश ऐकायची पद्धत निघाली. ती वापरून स्पास्टिक स्नायूंतल्या स्पिंडलचे संदेश मोजले, तेव्हा ते निरोगी माणसांपेक्षा लक्षणीय वाढलेले सापडले नाहीत. म्हणजे स्पिंडल खरंच सांगतंय, नेहमीएवढंच सांगतंय. ऐकणारी बाजू चिडकी झालेली आहे. परीक्षेत हेच लिहा, आणि पेशंटच्या घरच्यांनाही असंच सांगा. ‘नस खराब झाली’ म्हणू नका, कारण पायातली नस आणि स्नायूतलं स्पिंडल शाबूत असल्याशिवाय स्पास्टिसिटी येऊच शकत नाही.

## मग सुरुवातीचे काही आठवडे पाय लुळा का होता?

वरून येणारी सगळी चेतवणी अचानक बंद झाली की मेरुरज्जूतल्या पेशी आधी गप्प होतात. मेरुरज्जूच्या मोठ्या दुखापतीत हे फार ठळक दिसतं, त्याला स्पायनल शॉक म्हणतात. पुढे दिवस-आठवडे जातात तशी पेशींची स्वतःची उत्तेजना वाढते, मोकळ्या पडलेल्या जागी नवे सांधे फुटतात, आणि ब्रेक नसलेली यंत्रणा जागी होते. ब्रेक पहिल्या दिवशीच गेलेला असतो, ताठरपणा मात्र उशिरा दिसतो. म्हणून डिस्चार्जच्या वेळी पाय सैल असला तरी घोट्याची काळजी त्याच दिवसापासून घ्यायची.

## हात वाकलेला आणि पाय सरळ ताठ, असंच का?

चालू राहिलेला ॲक्सिलरेटर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध अंग सावरणाऱ्या स्नायूंकडे झुकलेला असतो: पायात मांडीचा पुढचा भाग आणि पोटरी, हातात वाकवणारे स्नायू. नेहमी असंच दिसेल असं नाही.

## रिक्षात किंवा ट्रेनच्या पायरीवर पाय ठेवला की पाऊल थडथड नाचायला लागतं. फिट आली का?

शुद्ध हरपली नसेल आणि फक्त पाऊल एका लयीत नाचत असेल, तर बहुधा ते क्लोनस आहे. फिट नव्हे. घोडबंदर रस्त्याच्या गतिरोधकावर रिक्षा आदळली किंवा लोकलच्या पायरीवर फक्त चवडा टेकला, की वजनाने टाच खाली जाते आणि पोटरी झटक्यात ताणली जाते. पोटरी आखडते, टाच वर उचलली जाते, आखडणं संपताच वजनाने टाच पुन्हा खाली, पुन्हा ताण. एक फेरी पूर्ण व्हायला संदेशाचा प्रवास, स्नायूचं आखडणं आणि सैल पडणं मिळून सेकंदाचा पाचवा ते आठवा हिस्सा जातो, म्हणून लय सेकंदाला 5 ते 8 ठोक्यांची येते.

थांबवायचा उपाय याच साखळीत आहे: ताण चालू राहू द्यायचा नाही. पाय उचलून टाच आधी टेकवा, मग चवडा. बसलेले असाल तर गुडघ्यावर हाताने सावकाश, घट्ट दाब देऊन टाच जमिनीला लावून धरा. गुडघा वाकलेला असला की पोटरीचा वरचा स्नायू सैल पडतो आणि नाच लवकर थांबतो. चवड्याला खालून दाबून थांबवायचा प्रयत्न बहुतेकांचा पहिला असतो, त्याने नाच वाढतो.

## ताठरपणा रिफ्लेक्सचा आहे की स्नायूच आखूड झालाय, हे कसं ओळखायचं?

या पानावरचा सगळ्यात उपयोगी प्रश्न हाच, कारण उपचार यावर ठरतो. रिफ्लेक्स वेगाला प्रतिसाद देतो, आखूड झालेला स्नायू देत नाही. म्हणून एकच सांधा दोन वेगांनी तपासायचा. ही तार्द्यू पद्धत.

पेशंट पाठीवर, गुडघा पूर्ण सरळ. टाच आपल्या तळव्यात धरायची आणि पाऊल किंचित आतल्या बाजूला वळवून ठेवायचं. तसं केलं नाही तर घोट्याऐवजी पावलाचा मधला भाग वाकतो आणि कोन खोटाच चांगला येतो. आधी पाऊल अतिशय सावकाश वर न्यायचं, तीन-चार सेकंद घेत, जिथवर जाईल तिथवर. हा कोन आर-टू. मग पाऊल पूर्ण खाली आणून थोडं थांबायचं आणि जमेल तितक्या वेगाने एकदाच वर ढकलायचं. मध्येच जिथे हाताला अडकल्यासारखं लागतं तो कोन आर-वन. दोन्ही, गोनिओमीटर या कोनमापकाने मोजून लिहायचे. वेगाची चाचणी लागोपाठ चार-पाच वेळा करू नये, पुढचं उत्तर सौम्य येतं. पुढच्या तपासणीला दिवसाची वेळ आणि बसण्या-झोपण्याची स्थिती तीच ठेवावी. थंडी, लघवीची घाई, वेदना, सगळ्याने आकडा बदलतो.

एक नमुना घेऊ. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण असे पेशंट रोज दिसतात. कोपरीतले 58 वर्षांचे काका. उजव्या इंटर्नल कॅप्सूलमध्ये रक्तपुरवठा बंद पडून डावी बाजू गेली. आठव्या आठवड्यात काठीने चालतात, पण डावी टाच टेकत नाही. काटकोनाला शून्य धरू. सावकाश ताणल्यावर पाऊल काटकोनाच्या 10 अंश वर येतं, झटक्यात ताणल्यावर काटकोनाच्या 8 अंश खालीच अडकतं. फरक 18 अंशांचा. म्हणजे स्नायूची लांबी शिल्लक आहे, अडवतोय तो रिफ्लेक्स. चालताना अंग पावलावरून पुढे जातं तेव्हा घोट्याला साधारण 10 अंश वर यावं लागतं, आणि तेवढी जागा त्यांच्याकडे आहे. गुडघा वाकवून पुन्हा सावकाश मोजलं तर 18 अंश येतात. पोटरीचा वरचा स्नायू गुडघा ओलांडून जातो, त्यामुळे गुडघा वाकवून आलेली ही वाढ त्याच्या खात्यात जाते.

अशा वेळी रिफ्लेक्स शांत करणारा उपचार भरपूर देऊन जातो. पोटरीत बोट्युलिनमचं इंजेक्शन, सोबत घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा एएफओ, नडगीच्या स्नायूचा सराव आणि उभं राहून वजन घेणं, यात काकांची टाच टेकायला लागण्याची आशा चांगली आहे.

आता समजा हे झालं नाही. पावसाळा आला, ओले जिने, लिफ्ट नाही, म्हणून काका घराबाहेर पडलेच नाहीत. दिवसभर खाटेच्या कडेला बसून पाय लोंबकळत, पाऊल खाली झुकलेलं. पाच महिन्यांनी तपासलं तर सावकाश ताणून पाऊल काटकोनाच्या 4 अंश खाली अडकतं आणि झटक्यात 10 अंश खाली. फरक उरला 6 अंशांचा. घरचे म्हणतात ‘ताठरपणा वाढला’, आणि हाताला तसं लागतंही. पण रिफ्लेक्स फारसा वाढलेला नाही, स्नायूच आखूड झालाय. आखूड स्थितीत डांबून ठेवलेल्या स्नायूतले आखडणारे घटक कमी होतात आणि मधली संयोजी ऊती कडक होते. मांजरांच्या पोटरीतल्या सोलियस स्नायूवरच्या 1972 मधल्या एका प्रयोगात आखूड स्थितीत चार आठवडे प्लास्टर ठेवल्यावर हे घटक 40 टक्क्यांनी घटले होते. आता तेच इंजेक्शन दिलं तर पूर्ण यश येऊनही फार तर सहाएक अंश सुटतील, आणि पाऊल काटकोनाच्या खालीच राहील. इथे टप्प्याटप्प्याने बदलत जाणारी प्लास्टरं, बुटाच्या टाचेला उंची, आणि तेही पुरलं नाही तर कंडरा लांबवायची शस्त्रक्रिया, हे बोलायला हवं.

फाइलवर फक्त ‘अ‍ॅशवर्थ 3’ लिहिलं तर या दोन काकांमधला फरक दिसणार नाही. अ‍ॅशवर्थची मोजपट्टी विरोध किती हे सांगते, तो कशामुळे हे सांगत नाही. म्हणून आमचा आग्रह आहे की दोन्ही कोन लिहा. जास्तीची दोनच मिनिटं लागतात.

## पार्किन्सनचा ताठरपणा याहून वेगळा कसा?

तो हळू हलवा किंवा भरभर, जवळपास सारखाच लागतो, आणि दोन्ही दिशांना लागतो. स्पास्टिसिटी वेगाने वाढते आणि सहसा एका दिशेला जास्त असते.

## तेलमालिश, गरम शेक, दिवसभर रबरी चेंडू दाबणं. याने फायदा होतो का?

हळुवार मालिशने आणि कोमट शेकाने काही वेळ सैल वाटतं, ते खरंच आहे, आणि त्यानंतरच्या अर्ध्या तासात व्यायाम सोपा जातो. पण लकव्याच्या बाजूला गरम-गार नीट कळत नाही. शेकण्याची पिशवी आधी चांगल्या हाताला लावून बघा, मध्ये टॉवेल घ्या, आणि पाय पिशवीवर ठेवून झोपू देऊ नका. रगडून, झटके देत केलेली मालिश मात्र स्पिंडलला हातोडीच मारते.

चेंडूबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. ज्याची बोटं आधीच मिटतात आणि उघडत नाहीत, त्याला मिटवायचाच सराव देऊन उघडणं येत नाही. तोच वेळ बोटं उघडायच्या, वस्तू सोडून द्यायच्या सरावाला द्या. ताणून धरायचे व्यायामही फक्त पाच-दहा मिनिटांचे असतील तर स्नायूची लांबी वाढवायला अपुरे पडतात. दिवसातले उरलेले तास पाऊल कुठल्या स्थितीत असतं, ते जास्त मोजलं जातं. खुर्चीची उंची अशी ठेवा की टाच जमिनीला टेकेल.

## औषधं आणि इंजेक्शन या साखळीत नेमकी कुठे काम करतात?

बॅक्लोफेन मेरुरज्जूत काम करतं. वन-ए तंतूच्या टोकाचा आवाज कमी करणारा जो ब्रेक दुबळा पडलाय, तिथल्या गाबा-बी ग्राहकांवर ते बसतं. मोठ्यांमध्ये डॉक्टर साधारण 5 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा असं सुरू करतात आणि दर तीनेक दिवसांनी हळूहळू वाढवतात. गुंगी आणि अशक्तपणा हे मुख्य त्रास. ते किडनीवाटे बाहेर जातं, त्यामुळे क्रिएटिनिन वाढलेल्या किंवा डायलिसिसवरच्या माणसाला नेहमीचा डोसही बेशुद्धीपर्यंत नेऊ शकतो. टिझानिडिनने रक्तदाब उतरतो आणि लिव्हरच्या तपासण्या कराव्या लागतात. ते चालू असताना सिप्रोफ्लॉक्सासिन घेऊ नये. लघवीच्या संसर्गासाठी दुसऱ्या दवाखान्यात हमखास हीच गोळी लिहिली जाते, म्हणून चालू औषधांची यादी खिशात ठेवा.

बोट्युलिनम टॉक्सिन स्नायूत जातं आणि चेतेच्या टोकातून रसायन सुटणं बंद करतं. आतल्या तंतूंकडे जाणाऱ्या गॅमा टोकांवरही त्याचा परिणाम होतो, म्हणून स्पिंडलही थोडं शांत होतं. परिणाम काही दिवसांत सुरू होतो, महिनाभराच्या सुमारास सर्वाधिक असतो आणि तीनेक महिन्यांत ओसरतो. या काळात एएफओ आणि व्यायाम झाले नाहीत तर तीन महिन्यांनी पाय पुन्हा होता तिथेच येतो. इंजेक्शन महाग आहे, त्यामुळे फिजिओच्या वेळा आधी ठरवून मगच ते घ्या.

आणखी एक तपासून बघावं लागतं. काही पेशंट त्या ताठ पायावरच उभे राहतात. मांडीचा ताठरपणा पूर्ण काढला तर गुडघा वाकतो आणि माणूस पडतो. अशांना गोळी वाढवण्याआधी उभं करून, चालवून बघायलाच हवं.

## सगळं ठीक चाललं होतं, दोन दिवसांत ताठरपणा अचानक वाढला. डोस वाढवायचा का?

आधी कारण शोधा. चिडक्या मेरुरज्जूला खालून आलेला कुठलाही त्रास पुरतो, आणि तिथली संवेदना गेलेली असेल तर पेशंट तो बोलून दाखवू शकत नाही. लघवीचा संसर्ग किंवा मुडपलेली कॅथेटरची नळी, बद्धकोष्ठता, बसून झालेली जखम, मांसात गेलेलं नख, घट्ट झालेला एएफओचा पट्टा, न कळलेलं फ्रॅक्चर, हे डोक्यापासून पायापर्यंत बघून घ्या. पोटरी एका बाजूलाच सुजली आणि गरम लागली तर ती मालिश करायची वेळ नाही. शिरेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी शिरांची डॉप्लर सोनोग्राफी करून घ्यावी.

छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर मेरुरज्जूची इजा असलेल्या माणसाचं डोकं एकदम ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला आणि रक्तदाब चढला, तर त्याला लगेच उठवून बसवा, कपडे आणि पट्टे सैल करा, कॅथेटर तपासा आणि दवाखाना गाठा. आडवं झोपवू नका.

## गावाला गेलो आणि बॅक्लोफेन संपलं. आठ दिवस नाही घेतलं तर चालेल?

नाही. अचानक बंद केल्यास ताठरपणा उसळून येतो, भास होतात, फिट येऊ शकते. गोळ्या जितक्या जास्त दिवस आणि जितक्या जास्त डोसने चालू असतील तितका धोका मोठा. पोटाजवळ बसवलेल्या पंपातून थेट मेरुरज्जूभोवती औषध जात असेल तर पंप रिकामा पडणं जीवघेणं ठरू शकतं, रिफिलची तारीख चुकवायचीच नाही. प्रवासाला निघताना दहा दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या घ्या, आणि प्रिस्क्रिप्शनचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. तरीही संपल्याच तर त्याच दिवशी जवळच्या दवाखान्यात तो फोटो दाखवून गोळ्या लिहून घ्या. एक-दोन डोस चुकले असतील तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका. दोन-तीन दिवस चुकले असतील तर कितीपासून पुन्हा सुरू करायचं, ते डॉक्टरांना फोनवर विचारूनच ठरवा.